लाजू नका, असं म्हणू नका

गावच्या आरोग्य शिबिरात पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा पहिल्याच वाक्यात घसरतो. "मंडळी, यात लाजण्यासारखं काही नाही," असं तो म्हणतो आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना त्याच क्षणी कळतं, की आता लाजायची गोष्ट येणार. माना खाली जातात. मागे कुणीतरी कुणाला कोपरखळी मारतं, एक जण तंबाखू मळायच्या निमित्ताने उठून बाहेर जातो. पुढची वीस मिनिटं वक्ता कितीही चांगलं बोलला तरी ऐकणारा ऐकत नसतो. आपण फार लक्ष देऊन ऐकतोय असं शेजारच्याला दिसू नये, एवढंच तो सांभाळत असतो.

लाज शब्दांनी जात नाही, मांडणीने जाते. म्हणून भाषणाची तयारी भाषणाच्या आधी सुरू होते, आणि ती बरीचशी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींची असते. फलकावर 'गुप्तरोग मार्गदर्शन' लिहिलं तर येणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. 'पुरुषांसाठी साखर, रक्तदाब आणि त्यातून होणारे त्रास' असं लिहिलं तर कोणीही येऊ शकतो, आणि यात फसवणूकही नाही, कारण भाषण खरोखर त्याचंच असतं. देवळावरचा कर्णा बंद ठेवायचा. गावभर ऐकू जाणारं भाषण घराघरांत सासू-सुना ऐकत असतात हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. शाळेच्या खोलीत दार लावून, माइकशिवाय पन्नास माणसांपर्यंत आवाज पोहोचतो. अविवाहित पोरांची बैठक वेगळी घ्यायची. सासरा आणि जावई, बाप आणि मुलगा एकाच सतरंजीवर असले तर दोघंही भिंतीकडे बघतात. सरपंचांचं प्रास्ताविक आधी उरकावं आणि त्यांनाही श्रोत्यांत बसवावं. व्यासपीठावर बसलेला पुढारी हसला, की सगळी सभा हसते.

मग सुरुवात कुठून करायची? साखरेपासून. मधुमेह गावात आता कुणाला अनोळखी नाही. पायाला मुंग्या येतात, नजर कमी होते, जखम लवकर भरत नाही, हे लोक एकमेकांना सांगतात. वक्त्याने त्याच ओघात, त्याच आवाजात, पुढचं वाक्य घ्यायचं: "साखर वाढली की तीन ठिकाणी लवकर कळतं. पायाला, डोळ्याला आणि संबंधाच्या वेळी येणाऱ्या ताठरतेला." इथे थांबायचं नाही, हसायचं नाही, आवाज खाली आणायचा नाही. 'ताठरता' हा शब्द 'पाय' आणि 'डोळा' यांच्या रांगेत बसला की अर्धं काम झालं. वाक्य म्हणून झाल्यावर वक्त्याने हळूच घसा खाकरला, की सगळं पुन्हा पहिल्या जागी. बाई डॉक्टर असली तर हे जमणार नाही, असा एक समज आहे. जमतं, फक्त तिलाही हीच अट लागू आहे.

त्यानंतर 'असं का होतं' हे सांगायला पुरेसा वेळ द्यावा, कारण लाजेच्या मुळाशी कारणाबद्दलचा गैरसमज असतो. ताठरता न येणं म्हणजे पुरुषपणात खोट, हा तो गैरसमज. प्रत्यक्षात तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे. लिंगात स्पंजासारख्या दोन नळकांड्या असतात. मेंदूचा इशारा मज्जातंतूंतून आला की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, स्पंज रक्ताने भरतो, भरलेल्या स्पंजाच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा दबतात आणि रक्त अडून राहतं. इशारा, आत येणारं रक्त आणि बंद झालेला मागचा दरवाजा, या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तर ताठरता कमी पडते. साखर मज्जातंतू आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, दोन्ही खराब करते.

शेतकऱ्यांसमोर बोलताना ठिबकचा दाखला चपखल बसतो. पाण्यात क्षार असले तर आधी काय चोंदतं? ड्रिपर. मेन लाइन कितीतरी नंतर. लिंगाची रोहिणी साधारण एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन ते चार मिलिमीटरची. क्षार दोन्हीकडे सारखेच साचतात, पण बारीक नळी आधी बोलते. कित्येकांमध्ये हृदयाचा त्रास दिसण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते. "ड्रिपर बंद पडला म्हणून तुम्ही रोपाला शिव्या देता का? तुम्ही फिल्टर बघता." हे वाक्य सभेत बोलून झालं की पुढच्या रांगेतली एखादी मान वर येते.

दाखल्याला एक धोका आहे, तोही ओळखून ठेवावा. 'नळी चोंदली' एवढंच लक्षात ठेवून माणूस ती 'मोकळी करायला' सलाईन लावून मागतो, किंवा कुणी जडीबुटीचा काढा देतो तो घेतो. म्हणून लगेच जोडून सांगायचं, की इथे ॲसिड सोडून लाइन धुता येत नाही. साखर, रक्तदाब आणि बिडी-तंबाखू आवरले तर पुढचं चोंदणं मंदावतं. झालेल्या बिघाडावर डॉक्टर औषध देतात.

आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. आकडा परदेशातला आहे हे लपवू नये. उलट तेच उपयोगी पडतं: आपल्या गावचा कोणीच त्यात नाही, त्यामुळे कुणाकडे बोट जात नाही, आणि 'दोघांत एक' हे मनात बसतं.

तरुणांच्या बैठकीत मात्र रक्तवाहिन्यांचं सांगून फारसा उपयोग नसतो. तिथला प्रश्न 'धातू जाणे' हा असतो. लघवीतून पांढरं जातं, रात्री कपडे खराब होतात, मग कंबर दुखते, डोळे खोल जातात, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशी सगळी साखळी त्या एका शब्दाला लटकवलेली असते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. आपली भाषाही यात कमी दोषी नाही. झोपेत आपोआप होणाऱ्या गोष्टीला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. दोष कुठे आहे हे विचारायच्या आधी तो शब्दातच येऊन बसलेला. वक्त्याने हा शब्द एकदा उच्चारून बाजूला ठेवावा आणि पुढे 'झोपेत वीर्य बाहेर येणे' असं साधं म्हणावं.

'चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य' या समजुतीला 'अंधश्रद्धा' म्हणून झटकलं तर पोरं गप्प बसतात, पटत मात्र नाही. त्यापेक्षा फळ्यावर हिशेब करावा. एका वेळी वीर्य येतं साधारण दीड ते पाच मिलिलिटर, तीन धरू. तुमचंच म्हणणं खरं मानलं तर तीन गुणिले चाळीस, म्हणजे १२० मिलिलिटर रक्त. कुणी चाळीस नाही, शंभर थेंब म्हणतो. तरी ३०० झालं. रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात आणि माणूस चहा-बिस्किट खाऊन गाडी चालवत घरी जातो. म्हणजे तुमच्या हिशेबानेसुद्धा त्या एका रात्रीने डोळे खोल जायला नकोत.

इथे टाळ्या मिळतात, आणि बेसावध वक्ता इथेच अडकतो. कारण एखादा हुशार पोरगा विचारतोच, "पण सर, रक्तदान तीन महिन्यांतून एकदाच करू देतात." बरोबर आहे त्याचं. हिशेब फक्त भीतीची पकड सैल करायला होता, पुरावा म्हणून नाही. आता खरं सांगायचं. वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्यातला मोठा भाग म्हणजे वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा पाझर. शुक्रजंतूंचा वाटा शंभरात पाचाच्या आत. तोंडात लाळ तयार होते तसा हा पाझरही होतच राहतो. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर बनते, ती गिळली किंवा थुंकली म्हणून कोणी खंगत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पण त्यांची रांग अखंड चालू असते. साठवून ठेवलेले वाढत नाहीत, जुने होतात आणि शरीर ते जिरवतं.

लघवीत दिसणारं पांढरं हा यातला सगळ्यात बोलका भाग, कारण तिथे तरुणाला स्वतःच्या डोळ्यांनी पटवता येतं. गढूळ लघवी पुष्कळदा फॉस्फेट या क्षारामुळे असते, जेवणानंतर तर जास्तच. प्रयोगशाळेच्या खोलीत, एकट्यासमोर, त्याच्याच नमुन्यात पातळ ॲसिटिक ॲसिडचे, म्हणजे व्हिनेगरचे, चार-पाच थेंब टाकले की फॉस्फेटचा गढूळपणा विरतो आणि लघवी स्वच्छ दिसते. धातू असती तर विरली नसती. गढूळपणा तसाच राहिला तर 'काही नाही, जा' म्हणायचं नाही; नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशींसाठी बघायचा. संडासला कुंथताना चिकट थेंब येतो तो बहुधा दाबली गेलेली प्रोस्टेट देते, त्याचा उपाय बद्धकोष्ठ घालवणं. मात्र लघवीला जळजळ, पिवळा पू, लिंगावर फोड किंवा जखम यांपैकी काही असेल तर ती भीती नव्हे, संसर्ग आहे. त्यावर धीर देऊन भागत नाही. रुग्णाला शासकीय रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवायचं आणि जोडीदारावरही उपचार करायचे. लाज घालवण्याच्या भरात 'सगळं नॉर्मल आहे' असं सरसकट सांगणारं भाषण या एका माणसाचं नुकसान करून जातं.

शीघ्रपतनावर लांबण लावायची गरज नाही. 'किती वेळ' या प्रश्नाचं उत्तर लोकांनी मोबाईलवरच्या चित्रफितींतून शोधलेलं असतं. पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलेल्या वेळेचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातली मधली वेळ ५.४ मिनिटं होती. नेहमीच मिनिटभरात होत असेल, ते लांबवताच येत नसेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर त्यावर उपचार आहेत. सभेत एवढं पुरे.

आता सगळ्यात नाजूक जागा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होऊ शकते. हे सांगायचं की नाही? वाटतं, माहिती द्यावी. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक इटालियन अभ्यास भाषण करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. हृदयरोग असलेल्या ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल ही रक्तदाबाची गोळी दिली. एका गटाला कुठली गोळी आहे हेच सांगितलं नाही, दुसऱ्याला नाव सांगितलं, तिसऱ्याला नावाबरोबर 'याने ताठरतेवर परिणाम होऊ शकतो' हेही सांगितलं. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ३ टक्के, दुसऱ्यात १५ टक्क्यांच्या वर आणि तिसऱ्यात ३१ टक्के जणांनी ताठरतेची तक्रार केली. गोळी तीच, मात्रा तीच. सभेत उभं राहून 'बीपीच्या गोळीने असं होतं' म्हणणं म्हणजे तक्रार पेरणं, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी दहा जणांनी गोळी बंद करणं. वाक्य उलटं बांधायचं: "रक्तदाब ताब्यात नसला की ताठरता बिघडते, म्हणून गोळी चालूच ठेवा. गोळी सुरू केल्यावर काही फरक वाटला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते." यात काही लपवलेलं नाही. फक्त भीतीच्या आधी वाट ठेवली आहे.

गोळ्यांचं आलं की निळ्या गोळीचं, म्हणजे ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलचंही यायलाच हवं, कारण ती गावात येऊन पोहोचलेली असते, कधी पाकिटात तर कधी 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणवणाऱ्या पुडीत मिसळून. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, तरी एसटी स्टँडवरच्या भिंती काय सांगतात ते दिसतंच. सिल्डेनाफिलबद्दल सभेत एकच गोष्ट ठसवायची. ज्याला छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे, किंवा हृदयासाठी नायट्रेटची रोजची गोळी चालू आहे, त्याने ही गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की माणूस दगावू शकतो. आणि ही गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर लाज बाजूला ठेवून दवाखान्यात पहिलं वाक्य तेच सांगायचं, कारण डॉक्टर नाहीतर जिभेखाली नेमकी नायट्रेटच ठेवतील. इथे वक्त्याचा आवाज चढला तरी चालेल.

भाषण वीस मिनिटांत संपवावं. नंतर "कुणाला काही विचारायचंय?" असं विचारू नये, हात वर होत नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी आणि पेन द्यावं आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर 'नाही' असं लिहायचं. नाहीतर लिहिणारा उघडा पडतो. चिठ्ठ्या गावच्या गुरुजींनी वाचू नयेत. त्यांना सगळ्यांचं अक्षर ओळखू येतं. बाहेरून आलेल्याने वाचाव्यात, तिथेच फाडाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पुढचं टेबल आहेच.

त्या टेबलावर साखर आणि रक्तदाब बघताना प्रत्येकाला, म्हणजे अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला, एकाच क्रमाने एकच प्रश्नमाला विचारायची. पायाला मुंग्या येतात? चालताना छातीत दुखतं? संबंधाच्या वेळी ताठरता कमी पडते का: नेहमी, कधी कधी की नाही? पर्याय महत्त्वाचे. 'हो की नाही' विचारलं तर बहुतेक जण 'नाही' म्हणतात. 'कधी कधी' हा आडोसा असतो आणि खरं उत्तर त्यामागे उभं असतं.

समजा, एक सत्तेचाळीस वर्षांचा शेतकरी 'कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो' म्हणून आला आणि तिसऱ्या प्रश्नाला 'कधी कधी' म्हणाला. पुढचे प्रश्न दोनच. कधीपासून, एकदम की हळूहळू? आणि पहाटे जाग येताना ताठरता असते का? झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ती आपोआप येते, त्यामुळे पहाटेची टिकून असेल तर नळ्या शाबूत आहेत असं मानायला जागा असते. हा म्हणतो, आठ महिन्यांपासून हळूहळू, आणि पहाटेचीही गेली. बोटातून घेतलेली साखर २३८, रक्तदाब १४८/९२, रात्री तीनदा लघवीला उठतो, तहान फार, दिवसाला एक बंडल बिडी. चित्र रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतं. पण शिबिरात त्याला मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही आणि गोळीही द्यायची नाही. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी प्रयोगशाळेतून, रक्तदाब दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि ईसीजी. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढतो का हे विचारायचं. हे सगळं झाल्यावर डॉक्टर सिल्डेनाफिल लिहून देतील, सहसा ५० मिलिग्रॅमपासून. ती संबंधाच्या तासभर आधी, भरपेट तेलकट जेवणावर नाही, दिवसातून एकदाच. गोळीने आपोआप काही होत नाही, इच्छा आणि स्पर्श लागतोच. 'गोळी लागू पडली नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती मटणाच्या जेवणानंतर दारूबरोबर घेतलेली असते.

त्याच रांगेत मागे तीन महिन्यांपूर्वी लग्न झालेला सव्वीस वर्षांचा तरुण असेल, पहाटे सगळं ठीक, ऐन वेळी मात्र काही नाही. त्याला ईसीजी नको, गोळीही सहसा नको. दोघांनी मिळून दोन आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, फक्त जवळीक आणि स्पर्श, असं ठरवायचं. परीक्षा रद्द झाली की भीती ओसरते आणि शरीर बहुतेक वेळा आपलं काम करतं. जमलं नाही तर पुन्हा दवाखान्यात, शक्यतो दोघांनी.

उघड्या नोंदवहीत फक्त साखर आणि रक्तदाब लिहायचा. ताठरतेची नोंद माणसाच्या स्वतःच्या कार्डावर, ते कार्ड त्याच्याच खिशात. कारण नोंदवही टेबलावर उघडी राहते आणि पुढच्याचं नाव लिहिताना मागच्याची ओळ वाचली जाते.

आणि वेळ. प्रत्येकाला टेबलावर चार मिनिटं, 'नाही' म्हणणाऱ्यालाही चारच. बाहेर बाकावर बसलेली माणसं कान देत नसली तरी वेळ मोजत असतात. कोण पंधरा मिनिटं आत होता हे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतं. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या शेतकऱ्याशी बोलायला पंधरा मिनिटं लागणारच आहेत, पण ती उपकेंद्रावर, तो उपाशीपोटी रक्त द्यायला येईल त्या सकाळी. शिबिरातून बाहेर पडताना त्याच्या हातात साखरेच्या तपासणीची तारीख असते, रांगेतल्या आणखी आठ-दहा जणांच्या हातात असते तशीच.